सरेंडरआधीचे पत्र : प्रत्यर्पण मूल्याचा हिशेब आणि त्यावरील कर

विमा कंपनीच्या शाखेत जाऊन 'पॉलिसी आज मोडली तर किती मिळतील?' असे विचारले, की संगणकावर क्रमांक टाकला जातो आणि बहुधा एका ओळीची चिठ्ठी हाती येते. तिच्यावर पॉलिसी क्रमांक, तारीख आणि एक रक्कम असते. ती रक्कम भरलेल्या हप्त्यांपेक्षा कमी पाहून काही जण चिडतात, काही हताश होऊन सही करतात. परंतु ती रक्कम कशातून आली, तिच्यात कोणते आकडे धरले आणि तिच्यावर कर लागणार की नाही, यांपैकी काहीच त्या चिठ्ठीवर नसते. ते समजून घेण्याचे साधन म्हणजे कंपनीला लिहिलेले एक पत्र. पत्र पानभराचेच असते. मात्र त्यात काय विचारायचे हे ठरवण्यासाठी प्रत्यर्पण मूल्य, म्हणजे रोजच्या बोलण्यातली सरेंडर व्हॅल्यू, मुळात तयार कशी होते हे माहीत असावे लागते.

मृत्यूची शक्यता वयाबरोबर वाढते. त्यामुळे न्यायाने विम्याचा हप्ताही दरवर्षी वाढायला हवा. लोकांना असा चढता हप्ता परवडत नाही, म्हणून विमागणितज्ञांनी समान हप्त्याची पद्धत बसवली. तीत तरुण वयात गरजेपेक्षा जास्त आणि उतारवयात गरजेपेक्षा कमी पैसे घेतले जातात. सुरुवातीचे हे जास्तीचे पैसे कंपनीकडे साठत जातात. त्या साठ्याला राखीव निधी म्हणतात. मुदतीअखेर रक्कम परत देणाऱ्या पॉलिसीत, म्हणजे एंडोमेंटमध्ये, बचतीचा भाग मोठा असल्याने हा साठाही मोठा असतो. निव्वळ मुदत विम्यात, म्हणजे टर्म पॉलिसीत, तो फार थोडा असतो. त्यामुळे नियमित हप्त्यांच्या साध्या टर्म पॉलिसीला सहसा प्रत्यर्पण मूल्य नसते आणि तेथे हे पत्र लिहिण्याचेही कारण उरत नाही.

हा साठा पॉलिसीधारकाचा आहे, ही गोष्ट आज उघड वाटते. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती कायद्याला मान्य नव्हती. हप्ता चुकला की सगळे बुडाले, असाच व्यवहार होता. एलिझर राइट नावाचा अमेरिकी गणितज्ञ आणि गुलामगिरीविरोधी कार्यकर्ता १८४४ मध्ये लंडनला गेला होता. हप्ते भरणे न झेपणाऱ्या वृद्धांच्या पॉलिस्या तेथे लिलावात विकल्या जाताना त्याने पाहिल्या. घेणाऱ्याचा फायदा त्या वृद्धाच्या लवकर मरण्यात होता. पुढे मॅसॅच्युसेट्स राज्याचा विमा आयुक्त झाल्यावर त्याच्याच प्रयत्नाने १८६१ चा जप्तीविरोधी कायदा झाला. त्या कायद्याने रोख पैसे मिळत नव्हते. साठलेल्या निधीच्या बळावर विमा काही काळ चालू राहत होता. रोख मूल्याचा हक्क तेथे १८८० मध्ये आला. भारतात विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ११३ ने पॉलिसीला प्रत्यर्पण मूल्य प्राप्त होते असे ठरवले. या कायद्याखाली आपल्याकडे तीन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय काही मिळत नाही, हा नियम दीर्घकाळ चालला. जुन्या पिढीच्या तोंडी 'तीन वर्षं तरी भर' हा सल्ला असतो, त्याचे मूळ येथे आहे.

प्रत्यर्पण मूल्य दोन प्रकारचे असते आणि कंपनीने त्यांपैकी जे अधिक असेल ते द्यायचे असते. पहिले हमी मूल्य. ते भरलेल्या हप्त्यांच्या टक्केवारीत सांगितलेले असते आणि पॉलिसीच्या कागदातच छापलेले असते. विमा नियामकाच्या, म्हणजे आयआरडीएआयच्या, २०१९ च्या नियमांनुसार नियमित हप्त्यांच्या पॉलिसीत ते दुसऱ्या वर्षी किमान ३० टक्के, तिसऱ्या वर्षी ३५ टक्के, चौथ्या ते सातव्या वर्षी ५० टक्के आणि शेवटच्या दोन वर्षांत ९० टक्के असते. टक्केवारी काढताना हप्त्यावरचा कर, जादा जोखमीचा अधिभार आणि रायडरचा हप्ता वगळतात. दुसरे विशेष मूल्य. हे कागदात रकमेने दिलेले नसते. आधी पेड-अप मूल्य काढायचे, म्हणजे ठरलेल्या हप्त्यांपैकी जितके भरले त्या प्रमाणात विमा रक्कम कमी करायची. त्यात जमा झालेला बोनस मिळवायचा. आणि आलेल्या बेरजेला एका गुणकाने गुणायचे. हा गुणक कंपनी ठरवते आणि वेळोवेळी बदलू शकते. चिठ्ठीवरच्या रकमेचे सारे रहस्य या एका गुणकात असते, आणि चिठ्ठीवर नेमका तोच नसतो.

१२ जून २०२४ च्या परिपत्रकाने या विशेष मूल्याला प्रथमच खालची मर्यादा घातली. १ ऑक्टोबर २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या योजनांत एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरून वर्ष संपले की विशेष मूल्य द्यावे लागते. पेड-अप रकमेचे आणि जमा लाभांचे आजचे मूल्य काढताना दहा वर्षांच्या सरकारी रोख्याच्या परताव्यापेक्षा अर्धा टक्का अधिक, याहून जास्त दर कंपनीला लावता येत नाही. दर जितका मोठा, तितके आजचे मूल्य लहान. म्हणून दरावरची कमाल मर्यादा ही ग्राहकाच्या हिताची आहे. जुनी पॉलिसी मात्र ती घेतली त्या काळच्या अटींवर चालते. भावाला मागच्या वर्षी घेतलेल्या पॉलिसीत एका वर्षातच पैसे मिळाले म्हणून आपल्या जुन्या पॉलिसीलाही तेच लागू होईल, असे धरून चालू नये.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. यातले बोनसचे दर आणि गुणक नमुन्यादाखल घेतले आहेत. रीत खरी आहे. समजा, साताऱ्यातील एका शिक्षिकेने जून २०२० मध्ये पाच लाखांची वीस वर्षांची बोनससह एंडोमेंट पॉलिसी घेतली. वार्षिक हप्ता कराशिवाय २५,००० रुपये. जून २०२५ पर्यंत सहा हप्ते भरून झाले आणि मे २०२६ मध्ये, सातवा हप्ता येण्याआधी, बाहेर पडावे की नाही असा प्रश्न तिच्यापुढे आहे. तिच्या पावत्यांची बेरीज १,५३,९३७ रुपये ५० पैसे येते. कंपनीच्या हिशेबात मात्र १,५०,००० दिसतात. यात लबाडी नाही. पहिल्या हप्त्यावर साडेचार टक्के आणि पुढच्या पाचांवर सव्वादोन टक्के वस्तू व सेवा कर लागला होता. ते ३,९३७ रुपये ५० पैसे सरकारकडे गेले आणि कोणत्याच मूल्यात धरले जात नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यांवरील हा कर उठला आहे; आधी भरलेला त्यामुळे परत येत नाही.

पॉलिसीचे सहावे वर्ष चालू असल्याने हमी मूल्य दीड लाखाच्या ५० टक्के, म्हणजे ७५,००० रुपये. जमा बोनसचेही हमी मूल्य असते, पण ते बोनसच्या पूर्ण रकमेइतके कधीच नसते. दर हजारी ४२ रुपये बोनस सहा वर्षे धरला तर पाच लाखांवर १,२६,००० रुपये होतात. बोनससाठीची टक्केवारी १७ असल्यास त्यातले २१,४२० रुपये हाती येतात. एकूण हमी मूल्य ९६,४२० रुपये. आता विशेष मूल्य पाहू. वीसपैकी सहा हप्ते भरले, म्हणून पेड-अप मूल्य पाच लाखांच्या सहा-विसांश, म्हणजे दीड लाख. त्यात एक लाख सव्वीस हजारांचा बोनस मिळवून २,७६,००० रुपये. गुणक ०.४० असेल तर विशेष मूल्य १,१०,४०० रुपये. हे हमी मूल्यापेक्षा जास्त, म्हणून हेच मिळेल. चिठ्ठीवर छापलेला एकटा आकडा तो हा.

०.४० या गुणकाकडे थोडे निरखून पाहण्यासारखे आहे. पॉलिसी न मोडता नुसते हप्ते थांबवले आणि ती पेड-अप ठेवली, तर चौदा वर्षांनी, जून २०४० मध्ये, तेच २,७६,००० रुपये मिळतील. आज १,१०,४०० आणि चौदा वर्षांनी २,७६,००० म्हणजे अडीच पट. वर्षाला सुमारे पावणेसात टक्के चक्रवाढीने एवढी वाढ होते. म्हणजे गुणक हा वेश बदलून आलेला व्याजदरच आहे. कंपनी म्हणते, 'पैसे आज हवे असतील तर वर्षाला पावणेसात टक्के दराने कापून देते.' हे पैसे बाहेर नेऊन करानंतर याहून जास्त मिळवता येतील का, हा खरा प्रश्न. सात टक्क्यांच्या मुदत ठेवीवर वीस टक्के कर आणि त्यावरचा उपकर दिला की साडेपाच टक्क्यांच्या आसपास हाती राहतात. ही तुलना गुणक कळल्यावरच करता येते, म्हणून पत्रातली पहिली मागणी त्याची.

तिसरा मार्ग हप्ते भरत राहण्याचा. बोनस पुढेही ४२ च राहिला, तर मुदतीअखेर पाच लाख आणि ४,२०,००० मिळून ९,२०,००० रुपये मिळतील. पहिल्या दिवसापासून मोजले तर हा परतावा साडेपाच टक्क्यांचा आहे आणि कोणीही हुशार भाचा 'मावशी, हे मोडून टाक' म्हणेल. परंतु मावशी आज २०२० मध्ये उभी नाही. आज तिच्यापुढे पर्याय असा आहे, की हातात येऊ शकणारे १,१०,४०० रुपये सोडायचे, आणखी चौदा हप्ते भरायचे आणि शेवटी ९,२०,००० घ्यायचे. या पुढच्या वाटेचा परतावा काढला तर तो सात टक्क्यांहून थोडा वर, ७.४ च्या आसपास येतो. आरंभीच्या वर्षांतला खर्च आणि दलाली आधीच वसूल झालेली असल्यामुळे उरलेली वाट मूळ पॉलिसीपेक्षा चांगली निघते. वाईट खरेदी आणि वाईट पुढचा मार्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरेंडरच्या निर्णयात त्यांची सर्रास गल्लत होते. अर्थात बोनस दरवर्षी जाहीर होतो, त्याची हमी नसते. दर हजारी ४२ चे ३० झाले तर हे गणित कोसळते. म्हणून मागील पाच-सहा वर्षांचे जाहीर झालेले दर वर्षवार मागवून घ्यावेत.

पैशांची गरज तात्पुरती असेल तर पॉलिसीवर कर्ज मिळू शकते. ते प्रत्यर्पण मूल्याच्या काही टक्क्यांपर्यंतच असल्याने त्याचीही मर्यादा याच आकड्यावरून ठरते. युलिपची गोष्ट निराळी आहे. तेथे गुणक नसतो, निधीचे त्या दिवशीचे मूल्य असते. पहिल्या पाच वर्षांत पैसे बाहेर निघत नाहीत आणि थांबवलेली पॉलिसी एका वेगळ्या निधीत ठेवली जाते. त्याचे पत्र वेगळ्या मजकुराचे असते, म्हणून ते येथे बाजूला ठेवतो.

आता कर. येथे आधी एक मर्यादा सांगायला हवी. 'मला किती कर लागेल?' असे विमा कंपनीला विचारण्यात अर्थ नाही. आपले इतर उत्पन्न, आपण निवडलेली करपद्धती आणि पूर्वी घेतलेल्या वजावटी तिला माहीत नसतात, आणि 'कर सल्लागारास विचारावे' असे एका ओळीचे उत्तर येऊन पत्र निकाली निघते. तिच्याकडे असते ते नोंदींचे भांडार : पॉलिसी सुरू झाल्याची तारीख, दरवर्षीचा हप्ता, मृत्यूप्रसंगी मिळणारी किमान विमा रक्कम, आणि आपण ही रक्कम करमुक्त मानणार की करपात्र, हा तिने स्वतः घेतलेला निर्णय. विचारायचे ते हेच.

वेळेआधी बाहेर पडण्याचे कराचे परिणाम मुख्यतः दोन ठिकाणी होतात. पहिला मागे वळून होतो. हप्त्यावर ८०सी कलमाखाली वजावट घेतली असेल आणि दोन वर्षांचे हप्ते भरण्याआधीच पॉलिसी संपवली, तर आधीच्या वर्षांत घेतलेली ती वजावट सरेंडरच्या वर्षाचे उत्पन्न म्हणून परत धरली जाते. एकरकमी हप्त्याच्या पॉलिसीत सुरुवातीपासून दोन वर्षे आणि युलिपमध्ये पाच वर्षे ही मुदत आहे. येथे एक चमत्कारिक फट पडली आहे. विमा नियामकाने नव्या योजनांत एका वर्षानंतर बाहेर पडण्याची वाट खुली केली; आयकर कायद्यातली दोन वर्षांची अट मात्र तशीच आहे. पंचवीस हजारांचा एकच हप्ता भरून, त्यावर वजावट घेऊन पुढच्या वर्षी बाहेर पडणाऱ्याचे उत्पन्न तेवढ्याने वाढते. वीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह ५,२०० रुपये जातात. कंपनीच्या हिशेबात ही रक्कम कोठेच दिसत नाही, कारण वजावट घेतली की नाही हे फक्त आपल्यालाच ठाऊक असते. नव्या करपद्धतीत असल्यामुळे जिने ही वजावट घेतलीच नाही, तिला हा प्रश्न येत नाही. आपल्या शिक्षिकेचे सहा हप्ते भरून झाले आहेत, त्यामुळे तीही या अटीच्या पलीकडे आहे.

दुसरा परिणाम मिळणाऱ्या रकमेवर होतो. आयुर्विम्याची रक्कम करमुक्त असते ही समजूत अर्धीच खरी आहे. १०(१०डी) या कलमाची सवलत मिळण्यासाठी १ एप्रिल २०१२ किंवा त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत कोणत्याही वर्षाचा हप्ता विमा रकमेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावा लागतो. १ एप्रिल २००३ ते ३१ मार्च २०१२ या काळातल्या पॉलिसीला ही मर्यादा वीस टक्के आहे. तपासायची विमा रक्कमही बोनससह नव्हे. मृत्यूप्रसंगी कोणत्याही वर्षी मिळणारी किमान हमी रक्कम धरायची असते. शिवाय १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर घेतलेल्या, युलिप नसलेल्या सर्व पॉलिसींचा मिळून वार्षिक हप्ता पाच लाखांवर गेला तरी सवलत मर्यादित होते. शिक्षिकेचा हप्ता २५,००० आणि पाच लाखांचे दहा टक्के ५०,०००. म्हणून तिचे १,१०,४०० रुपये करमुक्त आहेत.

फसगत होते ती एकरकमी हप्त्याच्या पॉलिसीत. अशा पॉलिसीत एक लाख भरले की विमा रक्कम अनेकदा सव्वा लाख असते. सव्वा लाखाचे दहा टक्के साडेबारा हजार. भरलेला हप्ता एक लाख. अट पहिल्याच दिवशी मोडलेली असते, पण हे कळते पाच वर्षांनी, बँकेत रक्कम कमी जमा झाल्यावर. समजा १,२०,००० रुपये मिळाले, तर २०,००० हे उत्पन्न. वर्षभरात अशी करपात्र देणी एक लाख किंवा अधिक असतील तर कंपनी उत्पन्नाच्या भागावर उद्गम करकपात, म्हणजे टीडीएस, करते. १ ऑक्टोबर २०२४ पासून तिचा दर दोन टक्के आहे. म्हणजे ४०० रुपये. पॅन नोंदवलेला नसेल तर वीस टक्के, म्हणजे ४,००० रुपये. हा कर अंतिम नसतो. वीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा उपकरासह कर ४,१६० रुपये होतो आणि कापलेली रक्कम त्यातून वजा होते. उलट कपात झाली नाही म्हणून रक्कम करमुक्त, असेही म्हणता येत नाही. देणी लाखाच्या आत असली तर कपात होत नाही, पण उत्पन्न दाखवावेच लागते. परदेशी स्थायिक झालेल्यांना हा दोन टक्क्यांचा नियम लागू नाही. अनिवासींची कपात वेगळ्या तरतुदीने होते, म्हणून पत्रात आपला निवासी दर्जा स्पष्ट लिहावा.

कलमांच्या क्रमांकांबाबत एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू असून त्यात जुन्या तरतुदी नव्या क्रमांकांनी आल्या आहेत. लोकांच्या आणि शाखांच्या तोंडी अजून जुनेच क्रमांक आहेत. पत्रात 'जुन्या कायद्यातील कलम १०(१०डी) व त्यास समकक्ष तरतूद' असे लिहिले की उत्तर देणाऱ्याला निसटायला जागा राहत नाही.

आता प्रत्यक्ष पत्र. मराठीतून लिहिले तरी चालते. तांत्रिक शब्द शाखेत जसे बोलतात तसेच ठेवावेत.

'प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय : पॉलिसी क्रमांक अमुक, सरेंडर मूल्याचा सविस्तर हिशेब व करकपातीबाबत माहिती मिळण्याबाबत.

महोदय, वरील पॉलिसी मी जून २०२० मध्ये घेतली असून सहा वार्षिक हप्ते भरले आहेत. हे पत्र केवळ माहितीसाठी आहे. ते सरेंडरचा अर्ज समजू नये.

३१ मे २०२६ ही तारीख धरून कृपया पुढील माहिती लेखी द्यावी. हिशेबात धरलेले एकूण हप्ते, कर व रायडर वगळून. हमी सरेंडर मूल्य, त्यासाठी लावलेली टक्केवारी आणि बोनससाठीची वेगळी टक्केवारी. पेड-अप मूल्य, वर्षवार जमा बोनस, चालू वर्षाचा अंतरिम बोनस धरला आहे किंवा नाही. विशेष सरेंडर मूल्य, त्यास लावलेला गुणक आणि हा गुणक कोणत्या तारखेपर्यंत राहील. पॉलिसीवर कर्ज, व्याज अथवा असाइनमेंट यांची नोंद असल्यास तपशील. पॉलिसी सरेंडर न करता पेड-अप ठेवल्यास मुदतीअखेर व मृत्यूप्रसंगी मिळणारी रक्कम.

करासंबंधी : करपात्रता तपासताना आपण धरलेली विमा रक्कम व सर्वाधिक वार्षिक हप्ता, जुन्या कायद्यातील कलम १०(१०डी) व त्यास समकक्ष तरतुदीखाली ही रक्कम आपण करमुक्त मानता काय, नसल्यास उत्पन्नाचा भाग, कपातीचा दर व कपातीची रक्कम. माझा पॅन आपल्या नोंदीत आहे काय, हेही कळवावे. मी भारतातील निवासी आहे.

हप्ते भरल्याचे वर्षवार विवरण सोबत जोडून मिळावे, ही विनंती. आपली विश्वासू.'

या पत्रात 'केवळ माहितीसाठी' हे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. विषयात फक्त 'सरेंडर' हा शब्द वाचून शाखेने प्रक्रिया सुरू केल्यास पुढचा हप्ता अडकण्यापासून अनेक घोळ होतात. याच कारणाने पत्रासोबत मूळ पॉलिसी बॉण्ड, रद्द केलेला धनादेश किंवा सही केलेली भरपाई पावती देऊ नये. ती कागदपत्रे निर्णय झाल्यावर द्यायची असतात. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर मात्र पोच, शिक्का आणि तारीख अवश्य घ्यावी.

उत्तर आल्यावर ते कसे वाचावे? प्रथम हप्त्यांची संख्या मोजावी. सहामाही किंवा पगारातून कपात होणाऱ्या हप्त्यांत एखादा हप्ता नोंदायचा राहिलेला असतो आणि त्याने पेड-अप मूल्य व बोनस दोन्ही घटतात. नंतर बोनसची वर्षे पाहावीत. मेमध्ये हिशेब मागितला तर मार्चअखेरच्या वर्षाचा बोनस बहुधा जाहीर झालेला नसतो. आपल्या उदाहरणात त्या एका वर्षाचे २१,००० रुपये धरले नाहीत, तर गुणकानंतर ८,४०० रुपयांचा फरक पडतो. काही योजनांत त्याऐवजी अंतरिम बोनस सरेंडरलाही मिळतो, काहींत मिळत नाही; ते पॉलिसीच्या अटींत पाहावे. तिसरी गोष्ट कर्जाची. कर्ज घेतले असल्यास व्याज कोणत्या तारखेपर्यंत आकारले ते विचारावे, कारण ते चक्रवाढीने चढत असते. आणि घरकर्जासाठी पॉलिसी बँकेकडे गहाण लावली होती, कर्ज फिटले पण असाइनमेंट परत उतरवलेले नाही, असे प्रकार सर्रास आढळतात. तसे असेल तर पैसे आपल्या नावाने निघतच नाहीत. आधी बँकेचे पत्र आणून ती नोंद उलटवून घ्यावी लागते.

उत्तरात एकच आकडा देऊन 'आमच्या प्रणालीनुसार' एवढेच लिहिलेले असेल, तर गुणक मागणारे दुसरे पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवावे. त्याच्याकडून दोन आठवड्यांत निर्णय अपेक्षित असतो. त्यानेही समाधान झाले नाही तर नियामकाच्या 'बीमा भरोसा' व्यवस्थेत तक्रार नोंदवता येते आणि पुढे विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. शुल्क लागत नाही आणि वकीलही नेता येत नाही. कंपनीचे नकाराचे उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत तेथे जावे लागते, म्हणून पोच घेतलेली प्रत जपून ठेवावी.

सरेंडर करायचेच ठरले, तर पूर्ण कागद दिल्यापासून सात दिवसांत पैसे मिळायला हवेत. त्या वेळी बँकेत जमा झालेली रक्कम पत्रातल्या रकमेशी ताडून पाहावी. फरक असेल तर बहुधा कर्जाच्या व्याजाचा, बदललेल्या गुणकाचा किंवा करकपातीचा असतो. कपात झाली असेल तर ती आयकर खात्याच्या २६एएस विवरणात आपल्या पॅनसमोर दिसते की नाही, ते तिमाहीनंतर पाहून ठेवावे. हप्ते चुकून बंद पडलेली पारंपरिक पॉलिसी पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांपर्यंत पुन्हा चालू करता येते. सरेंडर केलेली पॉलिसी मात्र भरपाई पावतीवर सही होऊन पैसे निघाले की संपते; तिला पुनरुज्जीवन नाही.